पुट्टी निवडण्याआधी भिंतीतलं पाणी बघा

महाड-पोलादपूरकडे घरबांधणीचं वेळापत्रक बहुतेक ठरलेलं असतं. दिवाळी झाली की पाया, माघ-फाल्गुनात स्लॅब, वैशाखात गिलावा आणि रंगाचं काम काही झालं तरी गणपतीच्या आत. मुंबईहून माणसं येणार, मखर बसणार, म्हणजे भिंती पांढऱ्याशुभ्र आणि गुळगुळीत हव्यातच. या वेळापत्रकात एक मोठी अडचण आहे. गिलावा सुकायचे जे महिने, तेच इथल्या पावसाचे महिने. सह्याद्रीला टेकलेल्या या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आंबेनळी घाटाखालच्या गावात श्रावणातली हवा इतकी दमट असते की दोरीवरचा कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही. तिथे भिंत कशी वाळेल?

म्हणून पुट्टी कोणती लावायची हा प्रश्न इथे पुण्या-सोलापूरसारखा सोडवता येत नाही. दुकानात दोन्ही पावडरी पांढऱ्या, दोन्ही पोत्यात, दोन्हींनी भिंत आरशासारखी होते असं सांगितलं जातं. रंगारी वॉल पुट्टी सुचवतो, कारण त्याचा हात त्यात बसलेला असतो. पीओपीचं काम करणारा कारागीर जिप्सम सुचवतो, त्याचंही कारण तेच. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. पण भिंतीत पाणी किती आहे आणि पुढे किती येणार आहे, हे विचारल्याशिवाय दोघांपैकी कोणाचंच उत्तर पुरं नाही.

आधी या दोन पावडरी मुळात काय आहेत ते पाहू. वॉल पुट्टीचा जीव पांढऱ्या सिमेंटमध्ये असतो. नेहमीचं सिमेंट करडं दिसतं ते त्यातल्या लोहामुळे. लोह अगदी कमी असलेला कच्चा माल वापरून केलेलं सिमेंट पांढरं निघतं. त्यात डोलोमाइट किंवा संगमरवराची मैद्यासारखी बारीक भुकटी भरलेली असते आणि शिवाय दोन गोष्टी थोड्या प्रमाणात असतात. एक पॉलिमरची पावडर, जी पुट्टीला भिंतीशी चिकटवते आणि थोडी लवचीक ठेवते. दुसरी सेल्युलोजची पावडर, जी कालवलेल्या पुट्टीतलं पाणी धरून ठेवते. हे पाणी धरून ठेवणं फार महत्त्वाचं आहे, कारण सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाण्याशी रासायनिक संयोग होऊन घट्ट होतं. पाणी लवकर निघून गेलं तर सिमेंट अर्धवट राहतं आणि बोट फिरवलं की पांढरी पूड हाताला लागते. एकदा नीट घट्ट झालं की मात्र ते पाण्यात विरघळत नाही.

जिप्समची गोष्ट वेगळी आहे. जिप्सम हा खनिज दगड, आपल्याकडे तो मुख्यतः राजस्थानातून येतो. त्याच्या स्फटिकात पाणी बांधलेलं असतं. तो दीडशे अंशांच्या आसपास भाजला की त्यातलं तीन चतुर्थांश पाणी उडून जातं आणि जी पावडर उरते तीच आपण पीओपी किंवा जिप्सम प्लास्टर म्हणून ओळखतो. ती पाण्यात कालवली की गेलेलं पाणी परत घेते आणि पंधरा-वीस मिनिटांत पुन्हा दगड होते. घट्ट होताना ती आकसत नाही, उलट किंचित फुगते. म्हणून जिप्समवर सिमेंटसारख्या आकसण्याच्या भेगा येत नाहीत, फिनिश सुरेख येतं आणि नंतर पाणीही मारावं लागत नाही. तिचा दोष एकच, पण आपल्याकडे तो जड पडतो. घट्ट झालेलं जिप्सम पाण्यात थोडं थोडं विरघळतं, लिटरभर पाण्यात साधारण अडीच ग्रॅम. आणि विरघळायच्या कितीतरी आधी, नुसतं ओलं राहिलं तरी ते मऊ पडतं. चांगलं भिजलेलं जिप्सम आपली निम्म्याहून जास्त ताकद गमावून बसतं.

आता एका खोलीचा हिशेब मांडू. दहा बाय बाराची खोली, दहा फूट उंची. चार भिंतींचं क्षेत्र 440 चौरस फूट. दार-खिडकीचे पन्नास वजा केले तर 390 उरतात. गिलावा रंध्याने बऱ्यापैकी सरळ आला असेल तर वॉल पुट्टीच्या दोन हातांना चाळीस किलोचं एक पोतं पुरतं. त्यात पाणी पडतं 15 लिटरच्या आसपास. हे चाळीस किलो 390 चौरस फुटांवर पसरलं म्हणजे थराची जाडी फार तर एक मिलिमीटर झाली. वॉल पुट्टी ही अशी पातळच असते आणि पातळच असायला हवी.

त्याच खोलीला जिप्समचा सहा मिलिमीटरचा थर द्यायचा तर पंचवीस किलोची दहा पोती लागतात. एका पोत्याला कारागीर सोळा लिटरच्या आसपास पाणी घेतो, कारण त्याहून कमी पाण्यात माल पसरत नाही. पण जिप्समला घट्ट व्हायला प्रत्यक्षात लागतं ते जेमतेम पाच लिटर. उरलेलं अकरा लिटर पाणी भिंतीवर तसंच असतं आणि ते हवेतच जायला हवं. दहा पोत्यांचं मिळून शंभर लिटरहून जास्त पाणी झालं. मे महिन्यात खिडक्या उघड्या ठेवल्या तर ते आठवड्याभरात निघून जातं. श्रावणात हवा स्वतःच पाण्याने भरलेली असते, तेव्हा ते आठवडेच्या आठवडे भिंतीत बसून राहतं. वरून भिंत कडक लागते, हात लावला तर कोरडीही वाटते, रंगारी प्राइमर मारून मोकळा होतो आणि दिवाळीला रंगाचे फोड उठतात. दोष रंगाचा नसतो. बाहेर निघू पाहणाऱ्या पाण्यावर आपण झाकण लावलेलं असतं.

हा झाला पुट्टीतल्या पाण्याचा भाग. त्याखालच्या गिलाव्यातही पाणी असतंच. नव्या सिमेंट गिलाव्याला किमान सात दिवस पाणी मारावं लागतं आणि रंगाआधी तो चार आठवडे तरी मोकळा सुकू द्यावा, हा सर्वमान्य नियम आहे. हे चार आठवडे फक्त पाणी जाण्यासाठी नसतात. सिमेंटचा गिलावा सुकताना आकसतो आणि त्याच्या आकसण्याचा मोठा भाग याच काळात होऊन जातो. जाळ्यासारख्या केसाएवढ्या ज्या भेगा यायच्या असतात, त्या याच काळात दिसायला लागतात. त्या आल्या की भरता येतात. पण दहाव्या दिवशी पुट्टी मारली तर गिलावा पुट्टीच्या आत आकसत राहतो आणि त्याची प्रत्येक भेग पुट्टीवर उमटते. घरमालक म्हणतो पुट्टीला तडे गेले. तडे गिलाव्याला गेलेले असतात, पुट्टीने ते फक्त दाखवले.

वॉल पुट्टीला तिच्या स्वतःच्या चुकीने भेगा पडतात त्या मुख्यतः जाडीमुळे. एका हाताला दीड मिलिमीटर, दोन्ही मिळून फार तर तीन, ही तिची मर्यादा आहे. गिलावा वाकडा असला, कुठे खड्डा असला की रंगारी तिथे पुट्टीच भरतो, पाच-सहा मिलिमीटर एका दमात. सिमेंट असल्याने ती आकसते, वरचा भाग आधी सुकतो, आतला मागे राहतो आणि तिथे सुकलेल्या तळ्यासारख्या भेगा पडतात. अशा खड्ड्याला आधी बारीक वाळू-सिमेंटने भरून, त्याला पाणी मारून, सुकवून मगच पुट्टी लावायला हवी. काम लांबतं, पण दुसरा मार्ग नाही.

ती सोलून निघते त्याची कारणं वेगळी आहेत. एक म्हणजे भिंत फार कोरडी असणं. एप्रिल-मेच्या उन्हात तापलेली भिंत पातळ पुट्टीतलं पाणी क्षणात ओढून घेते आणि सिमेंटला घट्ट व्हायला पाणीच उरत नाही. म्हणून लावण्याआधी भिंतीवर हलकं पाणी शिंपडायचं असतं. भिंत ओलसर हवी, ओघळणारी नको. दुसरं कारण धूळ. क्रश सँडच्या गिलाव्यावर बारीक भुकटी बसलेली असते, ती दगडाने घासून आणि झाडून काढली नाही तर पुट्टी भिंतीला न चिकटता धुळीला चिकटते. तिसरं कारण रोज साइटवर दिसतं. घमेल्यात कालवलेली पुट्टी दोन-तीन तासांत आळायला लागते, मग तिच्यात पुन्हा पाणी ओतून ती सैल केली जाते. सिमेंटचे जे धागे जुळायला लागले होते ते यात मोडतात आणि तो माल पुन्हा कधीच पुरता घट्ट होत नाही. जिप्समच्या बाबतीत ही मुदत आणखी कमी, वीस-पंचवीस मिनिटं. आळलेल्या जिप्सममध्ये पाणी घालून लावलेला भाग ओळखणं सोपं असतं. नखाने खरवडलं की तो खडूसारखा सुटतो.

जिप्सम स्वतः आकसत नाही, तरी जिप्समच्या भिंतीवर भेगा दिसतात. त्या बहुतेक सरळ रेषेत असतात. आरसीसीचा खांब आणि वीट किंवा चिऱ्याची भिंत जिथे मिळते तिथे उभी, आणि बीमखाली आडवी. दोन वेगळ्या वस्तू उन्हा-पावसात वेगवेगळ्या फुगतात आणि आकसतात, त्यांच्यावर एकच कडक थर ओढला की तो सांध्यावर फुटतो. गिलाव्याच्या वेळी सांध्यावर दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच येईल अशी कोंबडीजाळी ठोकली असेल तर ही भेग बरीच टळते. जाळी नसेल तर पुट्टीची कोणतीही जात ती थांबवू शकत नाही.

जिप्सम सोलून निघण्याचं मोठं कारण त्याच्या आणि सिमेंटच्या सांध्यात घडतं, आणि ते फारसं कोणी सांगत नाही. सिमेंटमध्ये अॅल्युमिनेट नावाचे घटक असतात. ओल असेल तर जिप्सममधलं सल्फेट विरघळून त्यांच्याशी संयोग पावतं आणि एट्रिंगाइट नावाचे सुईसारखे स्फटिक तयार होतात. हे स्फटिक मूळ पदार्थांपेक्षा कितीतरी जास्त जागा घेतात. खरं तर सिमेंट कारखान्यातच सिमेंटमध्ये थोडं जिप्सम घातलेलं असतं, ते फार लवकर आळू नये म्हणून. पण तिथे हे स्फटिक माल ओला आणि मऊ असतानाच तयार होतात, त्यांना जागा मिळते. घट्ट झालेल्या गिलाव्याच्या आणि घट्ट झालेल्या जिप्समच्या मधे ते वाढले तर जागा करण्यासाठी ते जिप्समला भिंतीपासून ढकलतात. कोरड्या भिंतीवर ही क्रिया चालत नाही, म्हणून कोरड्या प्रदेशात सिमेंटच्या गिलाव्यावरचं जिप्सम वर्षानुवर्षं टिकतं. ओला गिलावा, वर जिप्सम आणि पुढे चार महिने पाऊस अशी गाठ पडली की हातभर मोठे पापुद्रे एका तुकड्यात सुटतात. याच कारणासाठी जिप्समवर सिमेंटची वॉल पुट्टी ओढणंही टाळावं. पांढऱ्या सिमेंटचा टणक थर मऊ पायावर बसतो आणि ओल आली की मधल्या सांध्यात हाच खेळ सुरू होतो. जिप्समवर आणखी गुळगुळीतपणा हवाच असेल तर प्राइमर मारून तयार डब्यातली अॅक्रिलिक पुट्टी वापरावी.

पोपडा निघालाच तर तो फेकून देऊ नका, उलटा करून बघा. त्याच्या पाठीला वाळूचे कण चिकटून आले असतील तर पुट्टीने आपलं काम केलेलं आहे. गिलावाच कच्चा आहे, सिमेंट कमी पडलं किंवा पाणी मारलं गेलं नाही. पाठ स्वच्छ आणि भुरभुरीत असेल तर पुट्टी भिंतीला धरलीच नव्हती, मग धूळ, कोरडी भिंत किंवा शिळा माल यांपैकी काहीतरी झालं आहे. पाठीवर आणि भिंतीवर पांढरे कापसासारखे तंतू दिसले, जिभेला खारट लागले, तर तो लोणा आहे. भिंतीतलं पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं, पाणी उडून जातं आणि क्षार पुट्टीच्या मागे साठून तिला ढकलतात. इथे पुट्टी बदलून उपयोग नाही, पाणी कुठून येतं ते शोधावं लागतं. जे पोपडे अजून पडलेले नाहीत तेही ओळखता येतात. नाण्याने भिंत वाजवत जा. आवाज घट्ट आला तर ठीक, पोकळ आला तर तेवढा भाग सुटलेला आहे.

ओल तपासायलाही यंत्राची गरज नाही. हातभर प्लॅस्टिकचा कागद चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर बंद करा आणि दुसऱ्या दिवशी काढा. आतल्या बाजूला दव दिसलं किंवा त्याखालची भिंत बाजूच्या भिंतीपेक्षा काळपट दिसली तर भिंतीतून अजून पाणी निघतंय. ही तपासणी एकाच जागी करू नका. जमिनीपासून फूटभर उंचीवर, खिडकीच्या खाली आणि पश्चिमेच्या भिंतीवर, अशा तीन ठिकाणी करा. आपल्याकडचा पाऊस समुद्राकडून, म्हणजे पश्चिम आणि नैऋत्येकडून तिरपा येतो. त्या बाजूची भिंत बाहेरून पाणी पिते आणि बऱ्याच घरांत ओल फक्त त्याच एका भिंतीला असते.

22 जुलै 2021 ला सावित्रीला महापूर आला. महाडची बाजारपेठ आणि घरांचे तळमजले पाण्यात गेले, पोलादपूर तालुक्यात दरडी कोसळल्या. त्या वर्षी गणेश चतुर्थी 10 सप्टेंबरला होती, म्हणजे पुरानंतर बरोबर पन्नासाव्या दिवशी. भिजलेल्या भिंतीच्या सुकण्याचा जुना ढोबळ ठोकताळा असा आहे की दर इंच जाडीला एक महिना धरावा. नऊ इंची विटेची भिंत म्हणजे नऊ महिने. हा ठोकताळाच आहे, हवा खेळती असेल तर कमी, कोंदट असेल तर जास्त. पण पन्नास दिवसांत, तेही भर पावसात, अशी भिंत सुकणं शक्य नव्हतं हे सांगायला तो पुरेसा आहे. शिवाय पुराचं पाणी गाळाबरोबर क्षारही घेऊन भिंतीत शिरतं. अशा भिंतीवर घाईने मारलेली पुट्टी, मग ती कोणतीही असो, पुढच्या उन्हाळ्यात क्षार बाहेर यायला लागले की सुटते. त्या घाईमागची भावना मला पूर्ण समजते. घर उद्ध्वस्त झालेल्या माणसाला देव तरी नीट बसवावासा वाटतो. पण अशा वेळी नुसता चुना काढावा. चुन्याचा हात स्वस्त असतो, भिंतीला श्वास घेऊ देतो आणि पुढच्या वर्षी खरवडून टाकताना वाईट वाटत नाही.

मग निवड कशी करायची? माझं मत स्पष्ट आहे. पोलादपूर-महाडच्या पट्ट्यात नव्या गिलाव्यासाठी सिमेंटची वॉल पुट्टी हाच नेहमीचा मार्ग असावा, पातळ दोन हातांत आणि गिलावा चार आठवड्यांचा झाल्यावरच. ती ओल अडवत नाही, तिला वॉटरप्रूफ समजणं चूक आहे, पण ओल आली तरी ती स्वतः विरघळत किंवा मऊ पडत नाही. जिप्सम वाईट नाही. वरच्या मजल्यावरच्या आतल्या भिंती, ज्यांची एकही बाजू पावसाला लागत नाही, गिलावा फार वाकडा आला आहे आणि काम डिसेंबर ते एप्रिलमध्ये होणार आहे, तिथे सहा मिलिमीटर जिप्सम वॉल पुट्टीपेक्षा सरस ठरतं, कारण तेवढी जाडी वॉल पुट्टीला झेपणारच नाही. पण न्हाणीघराच्या पाठीमागची भिंत, स्वयंपाकघरातल्या मोरीजवळचा भाग, पश्चिमेची भिंत आणि टेरेसखालचं छत, जिथे पाणी झिरपण्याचा संशय आहे, तिथे जिप्समला हात लावू नये.

आणि नदीकाठच्या तळमजल्याला, जिथे पाणी पूर्वी चढलेलं आहे तिथे, त्या खुणेच्या वर दोन फुटांपर्यंत कोणतीच पुट्टी नको. स्पंज मारलेला चांगला सिमेंट गिलावा आणि त्यावर चुना किंवा सिमेंट पेंट एवढंच करावं. तो आरशासारखा दिसत नाही, पण पाणी ओसरल्यावर धुता येतो आणि त्याचे पोपडे पडत नाहीत.

या वर्षी वैशाखात गिलावा करणार असाल तर रंगाऱ्याशी बोलताना तारीख गणपतीवरून मागे मोजू नका. गिलाव्याचं पाणी मारून झालं त्या दिवसापासून पुढे मोजा. मधे पाऊस लागला तर या गणपतीला भिंतीवर चुना असू द्या आणि पुट्टी-रंग दिवाळीनंतर, माघातल्या कोरड्या हवेत करून घ्या.